म्हैस, रोडरोलर आणि आठवी ब : वादखेळाच्या नोंदी

५ जुलै, शनिवार

एकेका मुलाला फळ्यापुढे उभं करून 'बोल पाच मिनिटं' म्हणायचा प्रकार या वर्षीपासून बंद. त्याऐवजी शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास वादखेळासाठी मागून घेतला आहे. पस्तीस मिनिटं, चव्वेचाळीस मुलं. मुख्याध्यापकांची अट एकच, शेजारच्या वर्गात आवाज जाता कामा नये. ती पाळली जाणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

विषय हसरेच घ्यायचे ठरवलं. त्यामागे करमणूक हे कारण नाही. 'मोबाईल : शाप की वरदान' असा विषय दिला की मुलं विचार करत नाहीत, आठवतात. निबंधाच्या वहीतलं 'आजच्या धावपळीच्या युगात' जसंच्या तसं बाहेर येतं, आणि ज्याचं पाठांतर कच्चं तो गप्प बसतो. 'डासांना रविवारची सुट्टी द्यावी का' यावर मात्र कुठल्याच गाइडमध्ये ओळ नाही. कारण जागेवरच बनवावं लागतं, आणि ते बनताना आपल्याला दिसतं. शिवाय न बोलणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा चुकण्याची भीती असते. डासांच्या सुट्टीबद्दल बरोबर उत्तर पहिल्या नंबरवाल्याकडेही नसतं.

बाजू नाण्यावर ठरणार. छापा पडला तर बाजूने, काटा पडला तर विरुद्ध. स्वतःचं मत मांडायचं नसल्यामुळे ते खोडलं गेलं तरी जिवाला लागत नाही. 'मला काय, मला नाण्यानं बसवलंय हितं' असं एकजण आजच म्हणाला, आणि नाण्याच्या जोरावर चांगला पाऊण मिनिट बोलला.

१२ जुलै, शनिवार

आज आगगाडी खेळलो. व्हरांड्यात मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या केल्या. खिडकीकडची रांग बाजूने, कठड्याकडची विरुद्ध. विषय : 'मिसळीबरोबर ब्रेड नको, भाकरी हवी'. घंटा वाजली की खिडकीकडचे सगळे एकाच वेळी आपापल्या समोरच्याशी बोलणार, मग कठड्याकडचे. पुन्हा घंटा झाली की एक रांग एक घर पुढे सरकते, शेवटचा पळत पहिल्या जागी येतो, आणि तोच मुद्दा नव्या माणसाला सांगायचा.

बावीस जोड्या एकदम बोलत असल्या की कोण काय बोलतो हे समोरच्याशिवाय कुणालाच कळत नाही. नेमकं तेच हवं आहे. गोंगाटाच्या आडोशाला गप्प मुलंही बोलतात. पहिल्या फेरीला साठ सेकंद दिले, दुसरीला पंचेचाळीस, तिसरीला तीस. वेळ कमी होत गेला की मूल आपोआप 'म्हणजे, असं की, ते हे' गाळतं आणि मुद्द्यावर येतं. तिसऱ्या फेरीत भाकरीवाले थेट म्हणू लागले : 'ब्रेड कटात विरघळतो, भाकरी टिकती.' पहिल्या फेरीत एवढं सांगायला आजीच्या गावापासून सुरुवात झाली होती.

अडचण वेगळीच निघाली. बरीच मुलं पंधरा-वीस सेकंदांत संपतात आणि उरलेला वेळ एकमेकांकडे बघून हसतात. त्यावर समोरच्याला एक काम दिलं : बोलणारा थांबला की फक्त 'म्हणून काय?' विचारायचं, दुसरं काही नाही. 'भाकरी टिकते.' म्हणून काय? 'म्हणून शेवटपर्यंत कट उचलता येतो.' म्हणून काय? 'म्हणून वाटीत काही वाया जात नाही.' दोनदा विचारलं की मुद्द्याचं शेपूट बाहेर येतं. तिसऱ्यांदा विचारलं की मारामारी होते, म्हणून दोनदाच.

शेजारच्या वर्गातून निरोप आला. अपेक्षेप्रमाणे.

१९ जुलै, शनिवार

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, निम्मा वर्ग गैरहजर. खेळ न घेता विषयांची पेटी उघडली. मुलांनीच चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

विषय चालेल की नाही ते ठरवायची माझी कसोटी साधी आहे. कागदावर मधोमध रेघ मारायची आणि दोन मिनिटांत दोन्ही बाजूंना तीन-तीन कारणं लिहून पाहायची. एखाद्या बाजूला एकावरच गाडी अडली तर विषय बाद. 'चंद्रावर मिसळ मिळावी' ऐकायला झकास आहे, पण त्याला विरोध कोण आणि कशासाठी करणार? तिथे टक्करच नाही. विनोदी विषय फसतात ते बहुधा असेच. कल्पना गमतीची असते, पण तिच्यात निवड करायची नसते. 'चंद्रावर एकच दुकान नेता येणार असेल तर ते मिसळीचं असावं, चहाचं नको' असं केलं की लगेच दोन तट पडतात.

फुटबॉलच्या चिठ्ठ्या ढीगभर निघाल्या. पेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की घरचे आजोबासुद्धा बाजू बदलत नाहीत, तिथे ही पोरं नाण्यावर बदलणार? ज्या विषयात बाजू बदलता येत नाही तो या खेळाचा नाही. 'तांबडा की पांढरा' हाही बाजूला ठेवला. वर्गात मटण न खाणाऱ्या घरची मुलं आहेत, त्यांच्याकडे त्यावर बोलायला अनुभवच नाही.

एक चिठ्ठी होती : 'घरचा डबा भारी की शाळेची खिचडी'. मी ती ठेवणार होतो. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, 'सर, काहीजण खिचडीच खात्यात.' आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो, आणि वर्गात काहींचं दुपारचं जेवण खरोखर तेवढंच असतं. चिठ्ठी फाडली. तेव्हापासून यादीला आणखी एक चाळणी लागली : ज्याच्यावर हसायचं ते वर्गातल्या कुणाच्या घरात, अंगावर किंवा ताटात असता कामा नये. डास, म्हशी, रोडरोलर, वाराची नावं, स्वल्पविराम हे सगळे हसून घ्यायला मोकळे आहेत.

२६ जुलै, शनिवार

आजचा तास सविस्तर लिहून ठेवतो, कारण हवं होतं ते आज घडलं.

विषय : 'रस्त्यावर पहिला हक्क म्हशीचा'. कोल्हापुरात हा विषय समजावून सांगावा लागत नाही. गंगावेशीत कट्ट्यावर समोर काढलेलं धारोष्ण दूध पिणारे लोक सगळ्यांनी पाहिलेत, पाडव्याला शिंगं रंगवून निघणाऱ्या म्हशीही पाहिल्यात, आणि म्हशीमुळे शाळेला उशीर झाल्याचं कारण तर मीच वर्षभर ऐकतो.

आज दोघं विरुद्ध दोघं, बाकीचा वर्ग ऐकणारा. फळ्यावर मी तीन रकाने आखले : म्हणणं, कारण, दुवा. मुलं पहिली दोन सांगतात. तिसरं कुणी बोलत नाही, ते गृहीत असतं. वाद मात्र बहुधा तिथेच असतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यातही कारणाला म्हणण्याशी जोडणाऱ्या या कडीला वेगळी जागा दिलेली आहे. वर्गात टूलमिन काढला नाही. एवढंच सांगितलं की दुवा 'जो जो… त्याला त्याला…' असा लिहायचा.

बाजूचा पहिला उठला. 'म्हस सावकाश चालती, म्हणून तिला पहिला हक्क.' म्हणणं लिहिलं, कारण लिहिलं. दुवा काय, असं वर्गाला विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून आलं : 'जो जो सावकाश चालतो, त्याला त्याला पहिला हक्क.' लिहिलं. वाचताक्षणी दोघं-तिघं हसले. तोंडात असेपर्यंत शहाणं वाटणारं वाक्य फळ्यावर आलं की त्याचं पितळ उघडं पडतं.

विरुद्ध बाजूची मुलगी म्हणाली, 'म्हस कुठं सावकाश चालती? भेदरली की पळत सुटती.' बरं उत्तर आहे. पण ते कारणावर आहे. म्हैस हळू चालते की नाही हे शेवटी रस्त्यावर जाऊन बघायचं, वर्गात त्याचा निकाल लागत नाही. 'चालते', 'नाही चालत' असं चार वेळा झालं. आमच्याकडचे बहुतेक वाद इथेच अडकून पडतात आणि मग जो मोठ्यांदा बोलतो तो जिंकतो.

तिचा जोडीदार आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. तिसऱ्या बाकावरचा, हजेरीलासुद्धा हात वर करून भागवणारा. तो बसल्या जागेवरून म्हणाला, 'रोडरोलर.'

'पूर्ण बोल की.'

'रोडरोलर म्हशीपेक्षा सावकाश. मग अँब्युलन्स त्याच्या मागं थांबवायची व्हय?'

वर्ग फुटला. हसू ओसरल्यावर मी फळ्याकडे बोट करून विचारलं, यानं नेमकं काय मोडलं? म्हैस हळू चालते हे त्यानं मान्य केलंय. मग मोडलं काय? दोन-तीन चुकीची उत्तरं आल्यावर एकीनं तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. एक उदाहरण असं सापडलं जिथे कारण लागू आहे आणि म्हणणं मात्र लागू होत नाही. दुवा तुटला. त्यासाठी रस्त्यावर जाऊन बघायची गरज पडली नाही.

इथे तास संपवला असता तर मुलांनी 'रोडरोलरवाले जिंकले' म्हणून घरी जायचं. पण म्हशीवाल्यांना मी एक मिनिट दिला : दुवा सोडू नका, दुरुस्त करा. दोघांची कुजबुज झाली. मग पहिला उठला. 'जो सावकाश चालतो आणि ज्याला सोताला वाचवता येत न्हाई, त्याला पहिला हक्क. रोडरोलरला काय हुतंय? धडक बसली तर गाडीचाच चुरा.' टाळ्या पडल्या. त्या दुरुस्तीत रस्ता ओलांडणारे आजोबा आले, लहान पोर आलं, म्हैस राहिली आणि रोडरोलर गळाला. म्हणणं लहान झालं, पण पक्कं झालं.

विरुद्ध बाजू अर्थातच थांबली नाही. 'म्हस शिंगावर घेती, तिला कशाला वाचवायला पायजे?' हा हल्ला पुन्हा कारणावर होता, पण आता नव्या कारणावर. घंटा झाली. वही बघितली तर पूर्ण तासात एकूण सहाच मुलं बोलली होती. चव्वेचाळीसांपैकी सहा. हे पुढच्या वेळी बदलायला हवं. दोघं विरुद्ध दोघं हा प्रकार दाखवण्यापुरता ठीक आहे, रोजच्याला नाही.

२८ जुलै, सोमवार

मधल्या सुट्टीत संस्कृतच्या बाईंना रोडरोलर सांगितला. त्या म्हणाल्या, 'अहो, हा तर आमचा लोखंडाचा गोळा.'

न्यायशास्त्रातलं ठरलेलं उदाहरण आहे : पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. माझा 'जो जो, त्याला त्याला' म्हणजे हीच व्याप्ती. आता कुणी उलटं म्हणालं की जिथे अग्नी तिथे धूर असतोच, तर त्याच्यापुढे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवायचा. आग आहे, धूर नाही. पण नैयायिक एवढ्यावर थांबत नाहीत. पुढे विचारतात की मग धूर कशामुळे येतो? उत्तर : सरपण ओलं असल्यामुळे. आगीला ओल्या सरपणाची जोड असेल तरच धूर. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात.

'तुमच्या म्हशीचं ओलं सरपण कुठलं?' बाईंनी विचारलं.

'स्वतःला वाचवता न येणं.'

'मग पोरांनी उपाधी शोधली की. परीक्षेत कुणी विचारत नाही, पण शोधली.'

त्यांच्याकडून आणखी एक उपयोगी भेद मिळाला. खरं काय ते शोधायला बोलणं तो वाद, जिंकायला बोलणं तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त मोडत बसणं ती वितंडा. आठवी ब सध्या कुठल्या पायरीवर आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

वितंडाच झाली. रोडरोलरच्या यशामुळे प्रत्येकाला आता काहीतरी मोडायचंच आहे. विषय होता 'कर्रकर्र न वाजणारी कोल्हापुरी चप्पल खोटी समजावी'. आज तिघांचे गट केले : एक बाजूने, एक विरुद्ध, एक परीक्षक. दर फेरीला कामं फिरतात. अशानं एका तासात सगळ्यांच्या वाट्याला बोलणं येतं. चौदा गट तिघांचे, उरलेल्या दोघांत एक परीक्षक मी.

गटांमधून फिरताना ऐकलं. एकजण म्हणाला, 'आवाज आला की माणूस येतोय हे कळतं, म्हणून आवाज हवा.' त्यावर उत्तर : 'हा म्हणतोय सगळ्यांनी भोंगा लावून फिरावं.' पहिला चिडला. 'मी असं कुठं म्हणलो?' खरंच म्हणाला नव्हता. समोरच्याच्या मुद्द्याचं बुजगावणं करून ते पाडायचं, हे मुलांना शिकवावं लागत नाही. घरातून, गल्लीतून, टीव्हीवरून येतं.

मग खेळ थांबवून एक नियम घातला. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि समोरच्यानं 'हो, हेच म्हणालो' अशी पावती दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. जुन्या ग्रंथांतला पूर्वपक्ष हाच. पावती मुद्दाम दिली जात नाहीये असं वाटलं तर निकाल परीक्षकाचा. पहिल्या फेरीत निम्मा वेळ पावत्यांतच गेला. दुसरीत चप्पलवाल्या गटाची गाडी अशी गेली :

'तू म्हणतोस आवाजानं माणूस येतोय ते कळतं, म्हणून आवाज चांगला. बरोबर?'

'हो.'

'पण विषय चांगली-वाईट नाही, खरी-खोटी आहे. घंटासुद्धा माणूस आल्याचं सांगते. ती काय खरी चप्पल झाली?'

हे उत्तर आधीच्या भोंग्यापेक्षा किती तरी वरचं आहे, आणि ते निघालं पावतीच्या नियमातून. दुसऱ्याचा मुद्दा नीट म्हणून दाखवताना त्यातली फट त्याच्या लक्षात आली. चिडवायच्या नादात ती दिसली नव्हती.

विनोदाबद्दलही आज ठरवून टाकलं. दोन-तीन मुलं आता विनोदामागे लपायला लागली आहेत. समोरच्याच्या चालीची नक्कल, हशा, आणि खाली बसणं. भित्र्या मुलाला गप्प बसणं हा जसा आडोसा, तसा या मुलांना हशा. मी त्यांना विचारतो : तुझा विनोद पुसून टाकला तर मुद्द्यातलं काय कमी होईल? रोडरोलर पुसला तर सगळंच जातं, कारण तो विनोद म्हणजेच उदाहरण होतं. चालीची नक्कल पुसली तर काहीच जात नाही. असला विनोद चालेल, पण त्याला गुण नाहीत. बंदी घातली नाही. हसायला बंदी असलेल्या तासाला हा वर्ग परत येणार नाही.

९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमेची सुट्टी. पुढच्या शनिवारी गोपाळकाला. सलग दोन तास गेले.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज फक्त गप्प मुलांकडे लक्ष दिलं. नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन खुणा ठेवतो : बोलला का, 'कारण' दिलं का, समोरच्याच्या मुद्द्याला धरून बोलला का. आवाज, हावभाव, शब्दसंपत्ती यांना खूण नाही. त्या वेळी त्यांच्याकडे बघत बसलं की मुलाला आपण तपासले जातोय हे कळतं आणि तो मिटतो.

खुणा पाहिल्यावर लक्षात आलं की दोघं जेव्हा तेव्हा घड्याळ धरून असतात. वेळ मोजायचं काम भित्र्या मुलांना आवडतं, आपणही कौतुकानं ते त्यांना देतो, आणि त्यांची न बोलण्याची कायमची सोय होते. आजपासून घड्याळ ज्याच्या हाती त्यानं शेवटी एक वाक्य बोलायचं : सगळ्यात बळकट दुवा कुणाचा आणि का.

एक मुलगी तिघांच्या गटातही बोलत नव्हती. तिच्याकडे प्रश्नाचं कार्ड दिलं. त्यावर 'म्हणून काय?' एवढंच. बोलणारा थांबला की तिनं कार्ड वर करायचं, तोंड उघडायची गरज नाही. दोन फेऱ्यांनंतर ती कार्ड वर न करता प्रश्न तोंडानं विचारायला लागली, कारण कार्डाकडे कुणी बघतच नव्हतं. मग प्रश्न लांबला. 'म्हणून काय? आणि समज पाऊस पडला तर?' हा तिचा स्वतःचा प्रश्न. भाषण अजून नाही. पण दुसऱ्याच्या दुव्यावर बोट ठेवणं आलं, आणि तिसरी खूण तिला मिळाली. पहिल्या बाकावरच्या वक्त्यांपैकी काहींना ती अजून मिळालेली नाही.

उभं राहून बोलण्याची पायरी अशी ठेवली आहे. चिठ्ठीवर तीनच शब्द लिहायचे, वाक्य नाही. वाक्य लिहिलं की मूल वाचतं आणि मान खाली जाते. पहिलं वाक्य ठरलेलं, 'माझं म्हणणं असं की'. शेवटचं वाक्य उठण्याआधी मनात तयार हवं, कारण बोलणं बहुतेकांचं सुरुवातीला नाही तर थांबताना कोसळतं. कुठे थांबावं ते कळत नाही, मग 'एवढंच' म्हणून बसकण. ऐकू येत नसेल तर शेवटच्या बाकावरचा हात वर करतो. 'मोठ्यानं बोल' असं मी म्हणत नाही. माझ्या तोंडून ते ओरडणं वाटतं. आणि भाषा घरचीच चालेल. 'मी बोलतो की सर' म्हणणाऱ्या मुलीला 'बोलते म्हण' असं मध्येच सांगितलं तर पुढचा मुद्दा गेलाच. शुद्धलेखनाच्या तासाला ते बघता येईल.

अडखळत बोलणारा एक मुलगा आहे. त्याला घड्याळ लावलेलं नाही आणि त्याचा शब्द कुणी पुरा करून द्यायचा नाही असा गटाला नियम आहे. तो विषयाची मजा घेतो, त्याचे दुवे चांगले असतात. पण या खेळानं त्याचं अडखळणं जाईल असं मी त्याच्या आईला सांगणार नाही. त्यासाठी वाचा-उपचार करणाऱ्यांकडे जायला हवं. तेवढं त्यांना सांगितलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

गणपती झाले. घसे बसलेले, हे आमच्या पथ्यावर पडलं, कारण ओरडून जिंकणं आज शक्य नव्हतं.

म्हशी आणि चपला सोडून आज मुद्दाम खरा विषय घेतला. 'वर्गातल्या बसण्याच्या जागा दर महिन्याला बदलाव्यात.' वर्गशिक्षिकांनी सांगितलंय की मुलांनी नीट मांडलं तर त्या निर्णय घेतील. म्हणजे आज हरण्या-जिंकण्याला काही किंमत होती.

पहिल्या दोन मिनिटांत माझी जुलैची भीती खरी ठरली. 'शिस्त ही जीवनाचा पाया आहे' हजर. 'आजचे विद्यार्थी हे उद्याचे नागरिक' हजर. विषय गंभीर झाला की डोक्यातली वही आपोआप उघडते. खेळात कमावलेलं गंभीर विषयात आपसूक येत नाही, ते ओढून आणावं लागतं. मी तीन रकाने आखले आणि म्हणालो, म्हशीसारखं करा.

बाजूचा गट : 'मागं बसणाऱ्याचं लक्ष राहत न्हाई, म्हणून जागा बदलाव्यात.' दुवा त्यांनीच लिहिला : ज्या ज्या जागेमुळे लक्ष राहत नाही, ती ती जागा एकाच्याच वाट्याला कायम नको. विरुद्ध बाजूनं पूर्वपक्ष म्हणून दाखवला, पावती घेतली, आणि शेवटच्या बाकावरच्या एकाला उभं केलं. गणितात पहिला येणारा. 'हा बघा. ह्यो मागं बसून पयला येतो.' कारणावरचा हल्ला, आणि चांगला, कारण उदाहरण वर्गातच बसलेलं.

बाजूवाले गडबडले. त्यांना सावरलं ते कार्डवाल्या मुलीनं. उठली नाही, बसूनच विचारलं, 'त्यो मागं बसल्यामुळं पयला येतो, का मागं बसूनसुद्धा?' वर्गाला हा फरक कळायला थोडा वेळ लागला. मग गणितवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, 'मला फळा दिसत न्हाई सर, मी ह्याच्या वहीतनं बघतो.' म्हणजे ज्याला पुरावा म्हणून उभं केलं तोच दुसऱ्या बाजूचा निघाला. (त्याचे डोळे तपासून घ्यायला घरी निरोप पाठवला आहे.)

त्यानंतर दुरुस्तीची पाळी विरुद्ध बाजूची. त्यांनी मोडतं घेतलं, पण पुरतं नाही : ज्यांना फळा लांबून दिसत नाही त्यांच्या जागा बदलल्या तर त्या मागे जातील, म्हणजे ज्यांच्यासाठी बदल करायचा त्यांचंच नुकसान. हे मला सुचलं नव्हतं. बदलाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ते तिथल्या तिथे मान्य केलं आणि आपल्या म्हणण्यात 'चष्मा किंवा डोळ्यांचा त्रास असणारे सोडून' एवढी अट घातली.

१५ सप्टेंबर, सोमवार

मुलांच्या दोघा प्रतिनिधींनी वर्गशिक्षिकांपुढे म्हणणं मांडलं, एकानं बाजूनं, एकीनं विरुद्ध. दोघांच्या हातात तीन-तीन शब्दांच्या चिठ्ठ्या. बाईंनी मध्येच विचारलं, 'दर महिन्यालाच का? सहामाहीला का नको?' यावर तयारी नव्हती. बाजूचा थोडा थांबला, म्हणाला, 'बाई, ह्याचा दुवा आमच्याकडं न्हाई. विचार करून सांगतो.' बाईंना ते उद्धटपणाचं वाटेल अशी मला धास्ती होती. त्यांनी नुसती मान हलवली.

निर्णय : जागा दर दोन महिन्यांनी बदलणार, पहिला बदल पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर. चष्मेवाल्या दोघी आणि गणितवाला पहिल्या दोन बाकांवर कायम. गणितवाल्याच्या जुन्या शेजाऱ्याची तक्रार आली आहे की आता त्याची स्वतःची गणितं कोण तपासणार. ती पुढच्या शनिवारी विषय म्हणून घेतो.